तीस तीस तीस तीस

बोईसरच्या एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात आम्ही चौघं माल तपासायचो. तीन पुरुष आणि मी. कामं वाटायचे आमचे सर, पालघरहून येणारे, बोलायला गोड माणूस. इतके गोड की शिवी दिली तरी आपण थँक्यू म्हणावं.

वर्षअखेरीचा फॉर्म हातात आला, त्यात माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'कामात संथ.' खाली माझी सही हवी होती. ही सही झाली की त्या वर्षीचं प्रमोशन गेलं चुलीत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. संथ? मी? बाकीचे तिघं जेवणानंतर शेअर बाजारावर प्रवचनं झोडत बसायचे, आणि संथ मी!

सही केली नाही. घरी चिंचणीला येऊन सरांना मेल लिहिला. इंग्रजीतच, पण मराठीत सांगायचं तर असा: 'मागच्या महिन्यात एकशेवीस सॅम्पल आली. माझ्याकडे अठ्ठेचाळीस, बाकी तिघांकडे प्रत्येकी चोवीस. हे बघून संथ शब्दाचा फेरविचार व्हावा.' तीनदा वाचला, दोनदा 'प्लीज' घातलं आणि पाठवला.

उत्तर सकाळी आलं, चौघांनाही. 'उत्तम निरीक्षण! या महिन्यापासून प्रत्येकी तीस.' शेवटी हसरा चेहरा. फॉर्मबद्दल अवाक्षर नाही. मी खूश, मूर्खासारखी.

महिना संपला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सॅम्पल दोन जातींचं. एक चिल्लर: ओलावा बघा, पीएच बघा, तासाभरात मोकळे. दुसरं मोठ्या मशीनवरचं. द्रावण बनवा, गाळा, मशीन स्थिर व्हायची वाट बघा, आधी स्टँडर्ड, म्हणजे ठरलेला शुद्ध नमुना, लावा, ते नीट आलं तरच सॅम्पल लावा. एकाला सहा तास. मशीनवरची वीसच्या वीस माझ्याकडेच राहिली होती. सरांनी काढून घेतली ती अठरा, सगळी चिल्लर!

आई बाजारात मासळीचे वाटे लावते. तिला सांगितलं तर ती हसत सुटली. "एका वाट्यात पाच पापलेटं नि दुसऱ्यात पाच मांदेली ठेवून सारखेच हाय म्हटलं, तर गिऱ्हाईक टोपली डोक्यावर घालंल माझ्या. तुमी शिकलेले लोक गप घेता!"

चूक माझीच होती. मीच नग मोजून दिले होते, त्यांनी नग वाटून दिले. दुसरा मेल लिहिला, तासांचा: 'मशीनवरची वीस, प्रत्येकी सहा तास, म्हणजे एकशेवीस. वर चिल्लर दहा, दहा तास. माझे एकूण एकशेतीस तास. बाकीच्यांचे तीस-तीस.' या वेळी एकच 'प्लीज' घातलं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "अगं, मी तरी काय करू? तुम्हा चौघांत त्या मशीनचं ट्रेनिंग रेकॉर्डवर फक्त तुझं आहे. दुसऱ्याला हात लावू दिला तर ऑडिटवाले मला सोलतील."

"मग त्यांना शिकवा ना, सर."

"विचारलं होतं. एकाची पाठ, एकाचा चष्मा, आणि तिसरा म्हणतो, मशीनला माझा हात मानवत नाही."

वा रे वा! मला आलं म्हणून मी मेले, त्यांना येत नाही म्हणून ते सुखी. रडूच फुटलं, रागाचं. सरांनी घाईघाईने चहा मागवला.

त्याच आठवड्यात मला ताप भरला. दोन दिवस अंथरुणात. मशीनवरचा माल तर अडलेला, टँकर दारात उभा. रेकॉर्डवर दुसरं नाव एकच होतं: सरांचं स्वतःचं. बिचारे अंगात कोट घालून बसले. पहिल्या दिवशी स्टँडर्डच नीट येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक सॅम्पल पार पडलं. मध्ये सात वेळा फोन आला. शेवटच्या फोनवर म्हणाले, "अगं, हे एवढं चालतं तरी किती वेळ?"

ताप उतरला तशी मी तिसरा मेल लिहिला. 'सर, दोन दिवस: आपलं सॅम्पल एक. मी असते तर दोन, शिवाय चिल्लर. संथ हा शब्द कुणाच्या फॉर्मवर ठेवायचा, कळवावे.' यात 'प्लीज' नव्हतं.  पाठवल्यावर मात्र नोकरी वाचावी म्हणून देवाला नारळ बोलले.

 दोन दिवसांनी नोटीस लागली. पाठवाला आणि चष्मेवाला सोमवारपासून माझ्याकडे शिकायला. दोघं अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात, तेही तोंड पाडून.

आणि नवा फॉर्म आला. उभ्या उभ्या उघडला. 'संथ' शब्द गेला होता. त्या जागी सरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'कामात चोख. स्वभाव तापट.'

यावर मात्र मी लगेच सही केली.