वर गेलेला चेंडू

विशीच्या आत मी मोठी कवयित्री होते. म्हणजे असं फक्त मलाच वाटायचं. चिंचवडला कारखान्याच्या भिंतीलगत आमची वसाहत होती. तिथल्या गणपतीच्या मांडवात दरवर्षी पोरापोरींचा कार्यक्रम व्हायचा, आणि त्या वर्षी मी कविता वाचणार होते. पहिल्या खर्ड्यात मी चेंडूला 'कंदुक' आणि चिखलाला 'कर्दम' म्हटलं होतं. कट्ट्यावर जुन्या सवंगड्यांना वाचून दाखवली, तर एकजण हसत हसत खाली घसरला.

"ए कवयित्रीबाई, आपण कंदुक कधी खेळलो गं?"

हा आमच्यातला सगळ्यात पक्का झेल घेणारा. गावातल्या जुन्या शेतकरी घरातला, नुकताच कंपनीत लागलेला. मी रुसले, घरी गेले आणि सगळी फाडून नव्याने लिहायला बसले. या वेळी अष्टाक्षरी. एका ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळवायचं. भाकऱ्या थापतानाही बोटांवर अक्षरं मोजायची, म्हणून भाकरी करपायची आणि आई माझ्यावर तापायची.

आमच्या रबरी चेंडूला भोक पडलं होतं. ओल्या मैदानात तो उसळी घ्यायचाच नाही, पाणी पिऊन जड व्हायचा. तसंच लिहिलं:

झिजलेल्या चेंडूमध्ये
पाणी चिखलाचे दडे
झेलताच तोंडावर
पिचकारी त्याची उडे

अंधारून येता सांज
हाका मारल्या आयांनी
गड्याने तो उंच चेंडू
झेलला दहा बोटांनी

ही मात्र त्याला आवडली. "शेवटची ओळ माझी हाय," तो सगळ्यांना सांगत सुटला, जसं काही ती त्यानेच लिहिली होती.

गणपती बसायच्या आधीच्या पंधरवड्यात कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तो घरातून बाहेर पडेना. आम्ही गेलो की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग एक दिवस त्याची आईच आमच्या दारात आली.

"पोरी, ती दहा बोटाची वळ वाचणार हायेस व्हय?"

"नाही मावशी. काढते."

"काढच. त्यो येणार हाय म्हनतो कार्यक्रमाला. एवढ्या दिसांनी उंबऱ्याभाईर पडंल. त्याला परत आत न्हाई जाऊ द्यायचं मला."

काढणं सोपं नव्हतं. नुसती 'बोटांनी' खोडली तर यमक जातं, 'दहा' खोडलं तर दोन अक्षरं कमी पडतात, आणि दुसरं काही भरायला गेलं की 'गड्याने' लटकत राहतो. शेवटी दोन्ही ओळी बदलल्या:

आभाळात गेला चेंडू
पाहिला साऱ्या पोरांनी

अक्षरं आठ, यमक जुळलेलं. स्वतःवर इतकी खूश झाले, की त्या चेंडूचं पुढे काय झालं हे डोक्यातच आलं नाही. एवढी माझी अक्कल.

कार्यक्रमाला तो आला. पुरुषांच्या बाजूला, अगदी मागे, हातावर उपरणं टाकून बसला. बायकांच्या बाजूला त्याची आई. मी सुरात वाचलं, शेवटच्या ओळीवर मान वेळावली आणि टाळ्यांची वाट बघू लागले.

मागून त्याचा आवाज आला, "खाली कुणी आणला?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"चेंडू वरच ठेवलास की गं. झेलला कुणी? मीच झेलला ना? का तेव्हाबी मला आठच होती?"

मी मावशींकडे पाहिलं. त्या मान हलवून नको म्हणत होत्या. त्याच्याकडे पाहिलं, तर तो उभा राहिला होता. कागदावर जुनी ओळ नव्हती, पण ती मला पाठ होती. म्हटली. 'दहा'पाशी आवाज चिरकला, आणि मान वेळावणं कुठल्या कुठे गेलं.

"हां," तो म्हणाला आणि खाली बसला. त्याची आई मात्र उठून घरी गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्याच्यासमोर वाजवाव्यात की नाही, तेच कुणाला कळेना. आरती होईपर्यंत तो सवंगड्यांत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नळावर मावशींनी माझा हंडा बाजूला सारून आपली घागर पुढे सरकवली.

"तुझी कविता बराबर झाली. पर माझं पोर घरी येऊन रडलं. आजवर रडलं नव्हतं."

त्याच संध्याकाळी तो कट्ट्यावर आला. मावशींना ते कळलं असणारच, तरी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या लग्नात त्या आल्या, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेल्या.