शनिवारचं ॲसिड

आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला दिवाळीनंतर कुलूप लागलं आणि विज्ञान दिनापर्यंत ते निघालं नाही. आजही ते कुलूप आठवलं की माझं डोकं तडकतं. अहमदपूरहून एसटीनं पाऊण तासावर असलेल्या त्या गावात मी विज्ञान शिकवते. दहावीपर्यंतची शाळा, मुलींची संख्या मुलांपेक्षा थोडी जास्त आणि दार उघडं असलेला संडास एकही नाही. मुलं भिंतीमागं जात. पुरुष शिक्षकही तिकडंच कुठंतरी जात. आम्हा दोघी शिक्षिकांसाठी समोरच्या अंगणवाडीताईंचं घर होतं. म्हणजे माझी सोय होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ त्यात आहे.

कुलूप लागायचं कारण असं की संडासाची सेप्टिक टाकी तुंबली होती. आणि टाकी का तुंबली, तर आमच्या मुख्याध्यापकांना जंतू दिसत होते. नुसत्या डोळ्यांनी दिसायचे बहुतेक, कारण सूक्ष्मदर्शक त्यांनी कपाटात बंद करून ठेवला होता. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिपायानं संडासात ॲसिडची बाटली रिकामी करायची, वरून फिनेल, वरून ब्लीचिंग पावडर. एकदा ॲसिड आणि पावडर एकावर एक पडली आणि बिचारा शिपाई घसा धरून खोकत बाहेर पळाला. हे दोन्ही एकत्र केलं की विषारी वायू निघतो, हे मी सरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, माणसाला एवढा त्रास झाला, म्हणजे जंतू तर नक्की मेले असतील." मी वर्गात जाऊन पोरांवर खेकसले.

आठवीत एक मुलगी होती. बारीक आवाजाची, पण प्रश्न विचारायला लागली की थांबायची नाही. वडील गवंडी, कामं अहमदपुरात घ्यायचे, घर मात्र शिवारातल्या वस्तीवर, शाळेपासून तीन किलोमीटर. मधल्या सुट्टीत घरी जाऊन येणं तिला शक्यच नव्हतं. ती सकाळपासून पाणी पीत नसे. जानेवारीत लघवीला जळजळ होऊन ताप आला, आठ दिवस घरी राहिली. मग तिची आई शाळेत आली आणि माझ्यासमोर उभं राहून सरळ म्हणाली, "पोरगी आता मोठी झाली मॅडम. दार उघडलं तर ठीक, न्हाईतर जूनपासून आमी न्हाई पाठवत." ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तापातून उठून आल्यावर त्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, अब्बा म्हणतात टाकी मरते. टाकी मरते म्हणजे काय?"

मी तिच्या वडिलांनाच विचारलं. शनिवारी बसस्टँडवर भेटले, हाताला सिमेंट तसंच. म्हणाले, "हाव मॅडम, मरती की. टाकी म्हणजे नुसता हौद न्हाई. आतले किडे, म्हणजे आपल्या डोळ्याला दिसत न्हाईत असले, ते मैला खाऊन राहिले तवर टाकी चालती. तुमी वरून ॲसिड वतलं की ते खतम. मग गाळ तसाच वर वर येतो, शोषखड्ड्यात जाऊन बसतो, पाणी मागं फिरतं. टाकी तीन-चार वर्सांनी उपसावीच लागती. पण तुमच्या शाळेची सा महिन्यात भरली. सांगितलं मी सरांना. सर म्हणले, तू भिंती बांध."

मला तेव्हा सरांचा राग आला आणि स्वतःचाही आला, कारण हे मला माहीत होतं. हवेशिवाय जगणारे जीवाणू, मैल्याचं विघटन, सगळं मी फळ्यावर लिहिलं होतं, आकृती काढून गुण दिले होते. फळा आणि संडास यांच्यामध्ये वीस पावलांचं अंतर होतं आणि पाच वर्षांत मी ते ओलांडलं नव्हतं.

त्या मुलीनं विज्ञान दिनाच्या भाषणाला हाच विषय घेतला. बहुतेक सूक्ष्मजीव आपले मदतनीस आहेत, शत्रू थोडे. चार पानं लिहून आणली. शेवटचा परिच्छेद शाळेच्या टाकीवर होता. मी वाचला आणि म्हटलं, छान. मग नियमाप्रमाणं कागद सरांकडं गेला आणि दहा मिनिटांत परत आला. "मॅडम, तालुक्याच्या विस्तार अधिकारी बाई पाहुण्या आहेत. त्यांच्यासमोर संडास काय काढता? शेवटचं काढा. पोरीला दही-ताक बोलू द्या."

मी म्हणायला हवं होतं की सर, तेच तर भाषण आहे. मी लाल पेन घेतला आणि खोडलं. आडवी रेघ मारून भागलं नाही, म्हणून वर फुलीही मारली. मुलगी बाजूला उभी होती. "वेळ कमी आहे ना, म्हणून," मी तिला म्हणाले. तिनं मान हलवली आणि कागदाची नीट घडी घातली.

विज्ञान दिनाला मांडवात मागं कापडी फलक लावला होता: जंतुमुक्त शाळा, सुंदर शाळा. त्याच्याखाली ती उभी राहिली. हातात उन्हाळी भुईमुगाचं रोप, मुळं धुऊन आणलेली.

"चमचाभर मातीत जेवढे सूक्ष्मजीव असतात तेवढी माणसं आपल्या लातूर जिल्ह्यात नाहीत," तिनं सुरुवात केली. "ते सगळे वाईट असते तर आपण कुणीच इथं बसलो नसतो." मग तिनं मुळावरची एक गाठ नखानं फोडून पुढच्या रांगेला दाखवली. आतून गुलाबी निघाली. "ही कीड नाही. यात जीवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला खायला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. आतून गुलाबी आहे म्हणजे काम चालू आहे." दह्याचं सांगितलं: विरजण म्हणजे जिवंत जीवाणूंची पेरणी, दूध उकळतं असताना घातलं तर ते मरतात आणि दही लागत नाही. पोटातल्यांचं सांगितलं, जे आपल्याला न पचणारं अन्न पचवायला मदत करतात.

समोरून एका शिक्षकांनी मध्येच विचारलं, "मग काय, हात धुणं बंद करायचं का?" मांडव हसला.

ती हसली नाही. "हात धुवायचेच, सर. साबणानं. संडासाहून आल्यावर आणि जेवणाआधी. कॉलरा, टायफॉईडचे जीवाणू आहेतच. पण गावात चार चोर असतात म्हणून आपण सगळं गाव जाळत नाही."

मला इतका आनंद झाला की मी घाबरायचं विसरले. तेवढ्यात ती थांबली. कागद उलटला. सरळ समोर बघून म्हणाली, "याच्यापुढचा परिच्छेद खोडलेला आहे. म्हणून माझं भाषण इथं संपलं."

आणि खाली जाऊन बसली. सरांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या. पाहुण्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी चपलांकडं बघितलं.

बक्षीस तिलाच मिळालं. खोक्यात हात धुवायचा द्रव साबण आणि फिनेलची बाटली होती. मला ते खोकं सरांच्या टेबलावर आपटावंसं वाटलं.

चहा झाला. अधिकारी बाई सकाळी लातूरहून निघाल्या होत्या, मध्ये दोन शाळा केल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाथरूम कुठंय?"

मी त्यांना अंगणवाडीताईंच्या घराकडं न्यायला निघाले. सर मागून आलेच. "इकडून मॅडम, इकडून, समोरच सोय केली आहे." पण बाईंना मुलींच्या संडासाची पाटी दिसली आणि त्या तिकडं वळल्या. कुलूप. त्यांनी कुलपाला हात लावला. "हे का?"

मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते मला पक्कं आठवतं. मी म्हणणार होते, काम चालू आहे. पाच वर्षं मी तेच म्हणत आले होते, कधी नळाबद्दल, कधी पंख्याबद्दल.

ती मुलगी भुईमुगाचं रोप घेऊन तिथंच भिंतीशी उभी होती. घडी उलगडून कागद बाईंपुढं धरला. बाईंनी चष्मा लावला आणि माझ्या लाल फुलीखालून एकेक शब्द शोधत मोठ्यानं वाचलं.

"आपल्या शाळेच्या टाकीतही असे कामकरी होते. ते दिवसरात्र मैला संपवत होते. आपण दर शनिवारी त्यांच्यावर ॲसिड ओतलं. ते मेले, टाकी भरली, कुलूप लागलं. तेव्हापासून आम्ही मुली दिवसभर पाणी पीत नाही. मला ताप आला होता. जंतू मारायच्या नादात त्रास आम्हाला झाला. टाकी उपसून घ्यावी, ॲसिड बंद करावं, घासायला ब्रश, पाणी आणि थोडा साबण पुरतो, असं माझे वडील म्हणतात."

"हे लाल कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

सर माझ्याकडं बघत होते. त्यांनीच सांगितलं होतं, हे मी म्हणू शकले असते आणि ते खरंही होतं.

"मी," मी म्हणाले.

बाई शिपायाला म्हणाल्या, "किल्ली आण." त्या आत जाऊन नाकाला पदर लावून बाहेर आल्या आणि मग सरांशी जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मला ते फार आवडलं, एवढंच लिहिते.

पुढच्या आठवड्यात टाकी उपसायची गाडी आली. मुलीचे वडील दिवसाची मजुरी पाडून आले, शोषखड्डा उकरून त्यांनी नीट करून दिला. कुणीतरी म्हणालं, टाकीत शेण टाका म्हणजे जीवाणू येतील. ते म्हणाले, "पोरं वापरतील की. त्यांच्यासंगट येतात ते." शनिवारचं ॲसिड बंद झालं. वास यायचा थांबला. एप्रिलपर्यंत मुली मधल्या सुट्टीत बाटलीनं पाणी पिताना दिसायला लागल्या, मीही मुलींच्याच संडासात जाऊ लागले. जूनमध्ये ती मुलगी नववीत आली. तिची आई स्वतः सोडायला आली होती, मला म्हणाली, "लई उपकार झाले मॅडम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा विज्ञान दिनाला तिनं पुन्हा नाव दिलं. मी म्हटलं, "कागद दाखव ना आधी."

"नको मॅडम," ती अगदी आदरानं म्हणाली. "तुम्ही मांडवातच ऐका."