दोन सारख्या बादल्या

गोबर गॅसची टाकी केवढी बांधायची यावरून आमच्या घरात जी चर्चा झाली, तिच्यात मी सोडून सगळे बोलले. माप काढायचं काम मात्र पप्पांनी मला दिलं होतं.

"दोन बैल, दोन म्हशी, एक गाय. एका जनावरामागे दहा किलो, झाले पन्नास," भाऊ म्हणाला.

बैल दिवसभर केळीच्या शेतात असतात, त्यांचं निम्मं शेण तिथेच पडतं. हे मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी घड तोलायचा लटकता काटा गोठ्यात नेला आणि आठवडाभर पाट्या तोलल्या. पप्पा दारातून बघून हसले, "कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का गं?"

रोज हाती येत होतं चाळीस किलो. तेवढंच पाणी मिसळलं की रोजचा शेणकाला ऐंशी लिटर. आपल्याकडच्या हवेत तो चाळीस दिवस टाकीत कुजायला हवा, म्हणून पोटात बत्तीसशे लिटर मावतील एवढी टाकी. वर गॅससाठी जागा वेगळी. मी कागद पप्पांच्या ताटाजवळ ठेवला. त्यांनी गवंड्याला तेच माप दिलं. मला कोणी काही म्हटलं नाही, पण मी दोन दिवस हवेत होते.

त्याच वर्षी, हिवाळ्याच्या आधी भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. शहरात, सिंधीपुऱ्यात वाढलेली, गाय तिने लांबूनच पाहिलेली. महिन्याभरात तिने गोठा ताब्यात घेतला. सकाळी पाइप लावून फरशी अशी धुवायची की बसून जेवावं. म्हशींशी हिंदीत बोलायची, "चलो महारानी, सरको." आई शेजारणींना बोलावून गोठा दाखवायची. मी याच घरात जन्मले, पण माझी कुठलीच गोष्ट बघायला आईने कधी कोणाला बोलावलं नव्हतं.

टाकी सुरू झाली तेव्हा शेगडीची ज्योत निळी, जोरात होती. मग ती खाली बसत गेली. भाकरी अर्धी भाजली की शेगडी विझायची.

"टाकी लहान झाली," भाऊ जेवताना म्हणाला. "तरी मी पन्नास म्हणत होतो."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. वहिनी समजुतीने म्हणाली, "होतं हो असं. ताईने मन लावून केलं होतं ना." तिच्या त्या चांगुलपणाचा मला सगळ्यात जास्त राग आला.

सकाळी मी टाकीमागे गेले. बाहेर पडणारा काला पातळ, हिरवट होता आणि ताज्या शेणासारखी घाण मारत होता. पूर्ण कुजलेल्याला असा वास येत नाही. मी गोठ्याकडे वळले. वहिनीचा पाइप चालू होता आणि धुतलेलं सगळं पाणी उताराने सरळ काला कालवायच्या कुंडीत जात होतं. रोज ऐंशीऐवजी निदान एकशेसाठ लिटर. टाकी तीच, म्हणजे शेण चाळीसऐवजी वीस दिवसांतच बाहेर ढकललं जात होतं. टाकी लहान नव्हती. पाणी जास्त होतं.

मी दोन सारख्या बादल्या आणून कुंडीपाशी ठेवल्या.

"वहिनी, एक शेणाची, एक पाण्याची. धुण्याचं पाणी इकडे नको, गवताकडे काढू."

मला वाटलं ती भांडेल. मला ती भांडायला हवी होती.

"अय्या, मीच बुडवत होते का?" ती कपाळाला हात लावून हसत सुटली. "अगं, आधी ओरडायचं ना माझ्यावर!" आणि फावडं घेऊन तिने स्वतःच गवताकडे चर ओढला. जेवताना सगळ्यांना सांगितलंही, "ताईची टाकी बरोबर आहे, चूक माझ्या पाइपाची." सगळे हसले. पप्पा सगळ्यात जास्त.

ज्योत सावरायला काही आठवडे गेले. मग एके दिवशी धूलकोटकडचे पप्पांचे ओळखीचे काका टाकी बघायला आले. त्यांनाही बांधायची होती.

"केवढी बांधू?" त्यांनी पप्पांना विचारलं.

"माप आमच्या मुलीने काढलं," पप्पा म्हणाले.

हे ऐकायला मी किती महिने थांबले होते. मी ओढणी सावरत पुढे आले. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं, की जनावरं मोजू नका, शेण तोला.

"पण समजावून सांगावं तर सुनेनेच," पप्पा म्हणाले आणि वळून हाक मारली, "सूनबाई, ये गं जरा!"

वहिनी ओले हात पुसत आली. काकांना सगळं सांगितलं, हातवारे करून, हसवून. एकही आकडा चुकला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते, एखादा तरी चुकेल म्हणून.

"और पानी?" काकांनी विचारलं.

"ते ताईला विचारा," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

मी आत चहा ठेवायला निघून गेले. शेगडी पहिल्याच काडीला पेटली, निळी आणि जोरात.