चोवीस तासांचा लेथ

भोरात आमच्या कारखान्यात लोखंड कातायचा लेथ एकच होता. दादा तो चालवायचा आणि कामाच्या तारखा मी द्यायचो. गिऱ्हाइकं खेड्यांतली, गावात येणार ती बाजारालाच. म्हणून सगळ्यांना तारीख एकच, बाजाराचा दिवस.

महायुद्धामुळे लेथ फिरवणाऱ्या इंजिनाचं तेल मोजून मिळे. त्या आठवड्यात चोवीस तास चालेल एवढंच होतं. उत्रोलीच्या भातगिरणीच्या दांड्याला बारा तास, वेल्ह्याच्या उसाच्या चरकाच्या कण्याला सहा, भाटघरच्या गाडीच्या आखाला चार. एकूण बावीस. उरलेले दोन कामं चढवण्या-उतरवण्यात जाणार होते. हिशेब अगदी चोख आहे, अशी माझी खात्री होती. गिरणीवाल्याचं वर्षभराचं काम आमच्याकडे यायचं, कारखाना त्याच्यावरच उभा होता. दादाने त्याचा दांडा पहिला चढवला.

काम अर्ध्यावर असताना वेल्ह्याचा शेतकरी बाजाराची वाट न पाहताच आला. चरक बंद, तोडलेला ऊस वाळत पडलेला. मला त्याचं वाईट वाटलं. मी दादाला म्हणालो, दांडा उतरव, याचं आधी कर, मागेपुढे केल्याने बेरीज थोडीच बदलते? दादा कुरकुरला, पण तारखांच्या बाबतीत तो माझंच ऐकायचा. मग दांडा पुन्हा चढतो न चढतो तोच भाटघरचा गाडीवालाही आपला आख आधी मागत हजर झाला. त्यालाही मी नाही म्हटलं नाही.

उतरवलेला दांडा पुन्हा चढवायचा म्हणजे हाताने फिरवत, ठोकत, केसभरही डुगडुगणार नाही असा मध्यावर आणायचा. प्रत्येक वेळी दोन-तीन तास जायचे. एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा तापवून सुरू करायचं म्हणजे दिव्यच, म्हणून ते तेवढा वेळ नुसतंच धडधडत तेल पीत राहायचं. हे सारं मी रोज डोळ्यांनी पाहत होतो, तरी माझ्या शहाण्या बेरजेत ते कधी आलं नाही.

बाजाराच्या दिवशी गिरणीवाला बैलगाडी घेऊन आला. गिरणीपुढे भाताच्या गाड्या खोळंबल्या होत्या.

"अजून चार तास द्या, मालक," दादा म्हणाला.

"चारच? मग बसतो म्या हितं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती.

"तेल संपलंय," मी म्हणालो. "पुढचं आठवड्याने."

तो चिडला नाही. "मग पुण्यालाच न्हेतो," एवढंच म्हणाला. अर्धवट दांडा गाडीत चढवायला आम्हीच हात लावला. त्यानंतर त्याचं काम आमच्याकडे कधीच आलं नाही.

तारखा आता दादा स्वतःच द्यायला लागला. म्हणजे देईनासाच झाला. कुणी कधी मिळेल विचारलं की म्हणायचा, "सांगता येणार नाही." माणूस जरा वेळ घुटमळायचा आणि आपला लोखंडी तुकडा उचलून चालता व्हायचा. मी त्याला थांबवत नसे.