चौदा एमबीचा तास

कॉलेजात तिला सगळे कॅसेटबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाईट वाटत नसे. लग्नाआधी ती खरंच एका दुकानात कॅसेटी भरून द्यायची. डावा आवाज कुठला, उजवा कुठला, टेप कुठे घासली गेली, हे तिला डोळे मिटून कळायचं. पुढे दुकान बंद पडलं, नवरा गेला, आणि नर्सिंगच्या कॉलेजात रेकॉर्डिंगच्या खोलीत तिची वर्णी लागली. कॅमेरा लावायचा, शिकवणाऱ्या बाईंच्या कॉलरला माइक अडकवायचा, तास संपला की व्हिडिओ पूर्वी सीडीवर, आता कॉलेजच्या पोर्टलवर चढवायचा. बावीस वर्षं हेच. शिक्षण दहावी, तोंड मात्र वकिलाचं. संचालक खोलीत आले तरी खुर्चीतून उठायची नाही. हातातली तार सोडून उठायला ती काही शाळेतली पोर नव्हती.

त्या वर्षी एक आया तिच्याकडे आली. आया म्हणजे दवाखान्यात आया, आणि आमच्या कॉलेजात परीक्षार्थी. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई, वॉर्डात भांडी उचलता उचलता नर्स व्हायचं तिच्या मनाने घेतलेलं. औषधशास्त्रात दोनदा नापास. ही तिसरी खेप, आणि नियमाप्रमाणे शेवटची. ड्युटीमुळे तासाला बसता येत नव्हतं. सोळा तासांचे व्हिडिओ पोर्टलवर होते, पण एकेक व्हिडिओ अकराशे एमबीचा. तिच्या फोनात मुलांचे फोटोच मावत नव्हते, आणि घरी नेटवर्क आलं तर आलं.

"बघायला वेळच कुठाय, ताई?" ती म्हणाली. "बसमध्ये उभी असते, कपडे धुते, फरशी पुसते. हात गुंतलेले असतात. कान मोकळे असतात."

पोर्टलवर ऑडिओ होता की! कॅसेटबाईने उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. संगणक विभागातल्या पठ्ठ्याने व्हिडिओच्या फायलीचं नाव बदलून शेवटी एमपी-थ्री लिहिलं होतं. बस. चित्र आतच, वजन तेच, अकराशे एमबी. डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. पण ती फाइल कुणी उतरवत नाही हे पाहून संचालकांनी बैठकीत सांगून टाकलं होतं, की विद्यार्थ्यांना ऑडिओ नकोच आहे. हे ऐकून कॅसेटबाईचं डोकंच फिरलं.

तिने पहिला तास घेतला. व्हिडिओतून आवाजाची पट्टी जशीच्या तशी बाहेर काढली, चित्र मागे सोडलं. अर्ध्या मिनिटाचं काम. झाली शहाऐंशी एमबी. अजून जड. तिने आवाजाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू एकत्र करून एक केल्या, तर वर्गातला पंखा असा घोंघावू लागला, की बाईंचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं. मग आपल्याच हाताने लावलेल्या तारा तिला आठवल्या: डावीकडे कॉलरचा माइक, उजवीकडे कॅमेऱ्याचा, म्हणजे सगळ्या वर्गाचा गोंगाट. तिने उजवी बाजू सरळ फेकून दिली. डावीच ठेवली, आणि बत्तीस केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला अगदी थोडी माहिती राखून, दाबली. गाणं असतं तर त्याचा पार चोथा झाला असता. बोलण्याला तेवढं पुरतं. तास पूर्ण, आकार चौदा एमबी. सोळा तास मिळून सव्वादोनशेच्या आसपास. आयाच्या मेमरी कार्डात ते आरामात बसले. ती बाई कार्ड मुठीत धरून गेली.

आठवड्याने संचालकांनी बोलावलं. टेबलावर चौथ्या तासाची तीच फाइल वाजत होती, संगणक विभागाने तिच्या संगणकावरून उचललेली. चौतिसाव्या मिनिटाला बाई म्हणत होत्या, "हे घ्या, याने भागा, मग याने गुणा, आलं इतकं. हे चुकलं तर पेशंट गेला." पुढे खडूचा टकटक आवाज, आणि गप्प.

"इतकं म्हणजे किती?" संचालकांनी विचारलं. "फळ्यावर लिहिलंय. तुमच्या ऑडिओत फळा आहे?"

माणूस खडूस, पण बोलला ते खरं होतं. कॅसेटबाईने कानाने आवाज तपासला होता, अर्थ तपासला नव्हता. त्या आयाने असा अर्धवट डोस पाठ केला तर? चूक तिचीच होती, आणि तिने ती मनात मान्य केली. संचालकांनी सगळ्या फायली पुसायला सांगितल्या. ती बरं म्हणाली, खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

पुसतंय कोण?

तिने सोळाही तास पडद्यावर पुन्हा पाहिले, वही घेऊन. बाई जिथे जिथे "हे" आणि "इथे" म्हणाल्या, तिथलं मिनिट टिपलं, फळ्यावरचं लिहून घेतलं. एकशे अकरा जागा निघाल्या. मग ती वही घेऊन औषधशास्त्राच्या बाईंकडे गेली. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला, पानापानावर सही केली, आणि म्हणाल्या की इतकी वर्षं मी फळ्याशीच बोलत होते म्हणायचं.

मग तिने कॉलरचा माइक स्वतःच्या पदराला लावला. दाबलेली फाइल पुन्हा दाबली की आवाज आणखी खरवडतो, म्हणून मूळच्या पट्टीवर काम केलं. चौतिसाव्या मिनिटाला तिचा स्वतःचा घोगरा आवाज बसवला: "फळ्यावर: सांगितलेला डोस दोनशे पन्नास मिलिग्रॅम. बाटलीत दर पाच मिलीत एकशे पंचवीस. दोनशे पन्नास भागिले एकशे पंचवीस, गुणिले पाच. द्यायचे दहा मिली." अशा एकशे अकरा जागा भरून झाल्या, मगच एकदा दाबलं. आयाला बोलावून जुन्या फायली तिच्यासमोर पुसल्या, नव्या भरल्या, आणि आधीच्या अर्धवट होत्या हे तोंडावर सांगितलं.

संचालकांना कळायचं ते कळलंच. या वेळी ते स्वतः खोलीत आले. परवानगी कुणाची, असं विचारलं. तिने औषधशास्त्राच्या बाईंच्या सह्यांची वही पुढे केली. ती चाळून ते म्हणाले, "आणि मध्ये तुमचा आवाज कशाला? तुम्ही शिकलात तरी किती?"

"फळा वाचता येण्याइतकी," ती म्हणाली, खुर्चीतून न उठता.

त्यांनी तिला मेमो दिला. तिने तो माइकच्या डब्याखाली ठेवला, डबा डगमगत होता म्हणून.

निकाल लागला तेव्हा आया पेढा-बिढा न घेता धावतच आली. बासष्ट गुण. मागच्या खेपेला एकोणतीस होते. डोसचा प्रश्न आला होता, ती सांगत होती, आणि प्रश्न वाचल्याबरोबर कानात पंख्याचा नाही, बाईंचा नाही, हिचा आवाज आला.

ही गोष्ट पसरली. ड्युटीवाल्या चाळीस जणींनी अर्ज दिला. संचालकांना फायली पोर्टलवर चढवाव्या लागल्या, पण एक अट घालून पाहिली: मधला आवाज काढून कुणा शिकलेल्याचा घाला. कॅसेटबाईने माइक उचलून त्यांच्यापुढे धरला, वही उघडून चौतिसावं मिनिट दाखवलं आणि सांगितलं, "तुम्हीच बोला साहेब. जागा एकशे अकरा आहेत. मी बसलेय."

साहेबांनी माइककडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि बैठक आहे म्हणून निघून गेले. तिने माइक तारेत गुंडाळून डब्यात ठेवला आणि नव्याने रेकॉर्ड केलेल्या सतराव्या तासाची फाइल उघडली. त्यात बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि आता प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होत्या.