टिपणिसांनी न वाचलेला परिच्छेद

आमच्या इमारतीत कुणाचंही इंग्रजी पत्र आलं की ते आधी विनायकराव टिपणिसांच्या हातात पडायचं. बँकेची नोटीस असो, दुबईहून आलेलं जावयाचं पत्र असो, नाहीतर मिक्सरची वॉरंटी असो. खांदा कॉलनीत तेव्हा नवी बिल्डिंग, नवे शेजारी, आणि प्रत्येकाला अडलेला एकतरी कागद असायचाच. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत विनायकराव पत्रव्यवहार सांभाळायचे. पहाटेची एसटी पकडून जायचे, संध्याकाळी दमून यायचे, पण कुणी कागद पुढे केला की चष्मा पुसून, घसा खाकरून उभ्या उभ्या मराठीत वाचून दाखवायचे. इंग्रजी समोर आणि मराठी तोंडात, मध्ये कुठे अडखळणं नाही. मला त्या माणसाच्या आवाजाचं फार कौतुक होतं, हे आधीच सांगून टाकते.

एक खोड मात्र होती. हा माणूस लाजाळू, आणि तोही भलत्या ठिकाणी. पेपर मोठ्याने वाचताना कुटुंबनियोजनाची जाहिरात आली की पान उलटायचा. टीव्हीवर बायकांच्या 'त्या' पॅडची जाहिरात लागली की पाणी प्यायला उठायचा. आम्ही बायका त्यावरून त्यांची भरपूर टर उडवायचो. "विनायकराव, आज चार वेळा तहान लागली वाटतं?" असं मी तोंडावर विचारायची. ते कानापर्यंत लाल व्हायचे. सुमती, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसायची. मी समोरच्याच दारात राहायची, त्यामुळे त्यांच्या घरातलं फारसं काही माझ्यापासून लपलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक रेवा तेव्हा नववीत होती. सडपातळ, काळीसावळी, आणि खो-खोच्या मैदानात हाताला न सापडणारी. खांबावर झेप घेऊन गडी बाद करायची तेव्हा शाळेचे सर शिट्टी वाजवायला विसरत. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव जवळजवळ नक्की झालं होतं. ब्याण्णव साल होतं. दिवाळीनंतर तिच्या पायांवर लाल बारीक ठिपके दिसू लागले, टाचणी टोचल्यासारखे. मांडीवर, दंडावर निळे डाग. सुमतीला वाटलं, खेळात लागलं असेल. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. पनवेलच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी मुंबईला पाठवलं.

तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर होत्या, मिस्त्रीबाई. पारशी, पिकल्या केसांच्या, घाईत पण प्रेमळ. हाडातला मगज काढून तपासला, आणि कॅन्सर नाही म्हणाल्या तेव्हा सुमती तिथेच जमिनीवर बसली. आजाराचं नाव आयटीपी. रक्त थांबवणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट्स, त्या शरीराचीच संरक्षणाची फौज शत्रू समजून मारून टाकते. निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतात, रेवाच्या अठरा हजार होत्या. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. ओपीडीत एवढी गर्दी, की बाई म्हणाल्या, "इथे कोणाला काय ऐकू येत नाही. मी या मुलीला पत्र लिहिते."

आणि खरंच लिहिलं. टाइप केलेली दोन पानं, वर 'माय डिअर रेवा'. पत्र मुलीच्या नावावर होतं, पण तेव्हा पोरांची पत्रं बापच उघडायचा. त्या संध्याकाळी मीही तिथे होते. रेवा गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर, सुमती हातात पेन आणि कागद घेऊन, आणि विनायकराव दिव्याखाली उभे.

घसा खाकरून त्यांनी वाचायला घेतलं. "हा आजार तुझ्या कुठल्या चुकीने झालेला नाही. तो कुणाला लागत नाही. तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलींचा बरा होतो, काहींचा रेंगाळतो, तुझा कोणता ते मला आज सांगता येणार नाही, आणि मी खोटं सांगणार नाही." मग खेळ आला. पेशी वाढून मी हो म्हणेपर्यंत खो-खो नाही, कबड्डी नाही, झेप नाही, धक्का नाही. डोक्याला मार बसेल असं काहीच नाही. चाल, हलके व्यायाम कर, मैत्रिणींत बस, गुण लिहायला मैदानावर जा, घरात कोंडून घेऊ नकोस. हे त्यांनी दोनदा वाचलं. रेवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने पुसलंसुद्धा नाही.

"ताप आला, दुखलं, तर फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन नाही, आयब्युप्रोफेन नाही, दुकानातली अंगदुखीची मिसळ गोळी नाही. या गोळ्या उरल्यासुरल्या पेशींनाही नीट काम करू देत नाहीत. कुणी कमरेत इंजेक्शन द्यायला लागलं तर आधी हा आजार सांग. दात काढायच्या आधी मला विचार." सुमतीने नावं लिहून घेतली. मग धोक्याच्या खुणा. नाक दाबून धरूनही रक्त थांबलं नाही तर, तोंडात रक्ताचे फोड आले तर, लघवी लाल झाली किंवा शौचाला काळं झालं तर, डोकं जोरात दुखून उलट्या झाल्या, गुंगी आली तर, वाट न बघता निघा.

इथे विनायकराव थांबले. चष्मा काढून पुसला, पान उलटलं. मला वाटलं, बापच तो, गळा दाटला असेल. मग शेवटचं वाचलं, की घाबरू नकोस, मला उलट पत्र लिही, स्पेलिंगच्या चुकांसकट.

"बाबा, मी वाचू?" रेवाने विचारलं.

"इंग्रजी जड आहे गं. सांगितलं ना सगळं," म्हणाले, आणि पत्र घडी घालून कपाटातल्या फाइलीत ठेवलं.

त्या पोरीने पुढचे दोन महिने जे केलं ते मोठ्या माणसालाही जमलं नसतं. जे वाचलं गेलं ते तिने अक्षरन् अक्षर पाळलं. मैदानाच्या कडेला बसून गुण लिहिले. जिल्ह्याचा संघ तिच्याशिवाय गेला. डोकं दुखलं की सुमतीचा स्वयंपाकघराच्या फळीला चिकटवलेला कागद स्वतः बघून गोळी घ्यायची. पेशी साठ हजारांवर गेल्या, बाईंनी स्टेरॉइड हळूहळू कमी करायला घेतलं. घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं.

मग रेवाला सर्दीताप झाला, आणि त्याच आठवड्यात पाळी आली.

टिपणिसांकडे कावळा शिवलेला पाळायचे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वेगळं बसायचं तरी कुठे? गॅलरीच्या कोपऱ्यात सतरंजी, वेगळं ताट, आणि विनायकराव तिकडे नजरही वळवायचे नाहीत. पोटात कळा आल्या तेव्हा सुमतीने आपली नेहमीची गोळी दिली. देण्याआधी पाकिटावरचं नाव कागदाशी ताडून पाहिलं होतं तिने. मेफेनॅमिक अ‍ॅसिड. कागदावर नव्हतं. नेहमीचे चार दिवस गेले, सहा गेले. जास्त जातंय असं रेवा म्हणाली, तेव्हा सुमती म्हणाली, या वयात असं होतं, मलाही व्हायचं. रेवानेही मनात धोक्याच्या खुणा मोजल्या. नाक नाही, तोंड नाही, लघवी नाही, डोकं नाही. हे त्यांत नव्हतंच.

सोमवारी भर दुपारी सुमतीची किंकाळी ऐकून मी धावले. रेवा मोरीच्या दारात पडली होती, ओठ पिठासारखे पांढरे. त्या दिवशी विनायकरावांची रजा होती. विटाळबिटाळ सगळं विसरून त्यांनी तिला उचललं आणि तीन जिने उतरले. समोरच्या बिल्डिंगमधल्या सत्यजीतने टॅक्सी थांबवली. मागच्या सीटवर सुमतीच्या मांडीवर रेवाचं डोकं, मी पायाशी, विनायकराव पुढे. कळंबोलीच्या ट्रकांच्या रांगेत टॅक्सी अडकली, तेव्हा सुमती माझ्या कानाशी म्हणाली, पण त्यांना ऐकू गेलंच, "नऊ दिवस झाले गं नीता. गाठी पडतायत." विनायकराव वळले नाहीत. त्यांची मान खाली गेली, आणि मुंबई येईपर्यंत वर झाली नाही.

पेशी नऊ हजारांवर आल्या होत्या, हिमोग्लोबिन चारवर. रक्ताच्या बाटल्या लागल्या, प्लेटलेट्स दिल्या, स्टेरॉइड पुन्हा जोरात सुरू झालं, रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या दिल्या. मिस्त्रीबाई आल्या आणि सुमतीवर कडाडल्या.

"इतके दिवस घरी ठेवली? मी लिहिला होता ना? अख्खा पॅरा लिहिला होता. आणि त्या कळांच्या गोळीचं नावपण लिहिला होता!"

"कुठे लिहिलं होतं?" सुमती म्हणाली. "बाई, मी सगळं उतरवून घेतलं होतं हो."

तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिलं. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "विनायकराव, चष्मा पुसलात तेव्हा काय वगळलंत?"

"तुला एकटीला सांगणार होतो," ते सुमतीला म्हणाले. "नंतर. मग राहून गेलं." राहून गेलं नव्हतं. सोळा वर्षांच्या संसारात या माणसाने 'पाळी' हा शब्द बायकोपाशीही कधी उच्चारला नव्हता. मला त्यांचा संताप आला, इतका की हात उचलला गेला असता. आणि त्याच क्षणी कीवही आली, ती मला आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा शुद्धीवर, पण थकून भिंतीला टेकलेली. सुमतीने फाइल मागवून घेतली होती. तिने पत्र काढून नवऱ्यापुढे धरलं. "वाचा. राहिलेलं."

बायकांचा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. विनायकराव उभे राहिले. घसा खाकरला, पण या वेळी आवाज फुटेना. मग फुटला. "आता एक गोष्ट, जी मुली बोलत नाहीत. तुझी पाळी. ती नेहमीपेक्षा जास्त गेली, तासा-दोन तासाला कपडा भिजला, मोठ्या गाठी पडल्या, आठवड्याच्या पुढे गेली, तर ही धोक्याचीच खूण. त्याच दिवशी ये. कळांसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेऊ नकोस, तीही त्याच जातीची आहे. लाजू नकोस. आईला सांग. आई नसेल तर बाबांना सांग." शेजारच्या खाटेवरच्या बाईने पदर ओढून घेतला. पलीकडची उठून बसून ऐकू लागली. ते थांबले नाहीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

रेवाने सगळं ऐकून घेतलं. मग सुई नसलेला हात पुढे केला.

"अजून काही राहिलंय का, बाबा?"

"नाही गं. देवाशपथ नाही."

"द्या इकडे. मी वाचते."

बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत तिने पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. फार वेळ लागत होता. मध्येच तिने विचारलं, "क्लॉट म्हणजे?"

"गाठ," विनायकराव म्हणाले. "रक्ताची."

रेवा त्या दुखण्यातून वाचली. आजार मात्र रेंगाळणाऱ्यांपैकी निघाला. पेशी वाढायच्या, पुन्हा उतरायच्या, आणि खो-खोचे बूट आम्ही कुणाला तरी देऊन टाकले. बिल्डिंगमधले लोक कागद घेऊन विनायकरावांकडे येतच राहिले, ते वाचायचेही. पण त्यांच्या स्वतःच्या घरातलं प्रत्येक पत्र आता रेवा उघडायची, आणि तिचं वाचून होईपर्यंत विनायकराव दाराशी उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत असायचे.