मैत्रिणीच्या फोटोमागचा चोर

ऐंशीच्या दशकात मी स्वतःला फार हुशार समजत असे. रामाकोन्याहून सौसरच्या शाळेत जायला छोट्या रुळाची गाडी होती. तिच्या खिडकीत मी अशी बसायची, जणू फलाटावरच्या सगळ्यांनी माझ्या दोन वेण्या बघायलाच तिकीट काढलं आहे. शेजारी माझी मैत्रीण. ती एक वेणी खेचून म्हणायची, "अवं महाराणी, सरक न जराशी! मलेई वारं लागू दे."

तिचं लग्न झालं आणि ती सुरतेकडे गेली. काही दिवस पत्रं आली, मग थांबली. मी पाठवलेलं शेवटचं पत्र 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा पोस्टाचा शेरा घेऊन परत आलं. पुढे माझंही लग्न पांढुर्ण्यात झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले. पण गर्दीत कुणी बाई तिच्यासारखी मोठ्यानं हसली की माझी मान अजूनही आपोआप वळते.

म्हणून मागच्या हिवाळ्यात मोबाईलवर तिचा फोटो आला, तेव्हा मी चष्मासुद्धा पुसला नाही. केस पिकलेले, पण डोळे तेच. खाली लिहिलेलं, "नमस्कार, कशी आहेस? ओळखलंस का?"

आमच्या घरांत कुणी नमस्कार म्हणत नाही, जयभीम म्हणतात. आणि तिनं मला उभ्या जन्मात "अवं" सोडून हाक मारलेली नाही. हे दोन्ही मला तेव्हाच खटकलं होतं. पण मीच तिची वकील झाले. शहरात राहून भाषा सुधारली असेल, म्हटलं. बाई म्हातारी झाली, पण अक्कल अजून खिडकीतच बसलेली.

मग मी आठवडाभर लिहीत राहिले. तुझ्या आईचे गुडघे, तुझी हिरवी ओढणी, शाळेमागची बोरं, सगळं काढलं. पलीकडून उत्तर यायचं, "हो गं," "खरंच," "खूप आठवण येते." आता वाटतं, त्या चोरालाही माझा कंटाळा आला असेल. शेवटी त्यानं लिहिलं की नातू दवाखान्यात आहे, आमचं खातं बंद पडलंय, वीस हजार पाठव, संध्याकाळी परत करते. सोबत पैसे पाठवायचा तो चौकोनी कोड. पेन्शनमधून साठवलेले पैसे होते. पाठवले. थोड्याच वेळात आणखी तीस हजार मागितले.

सून शाळेत शिकवून घरी आली, तेव्हा मी कपाटात पासबुक शोधत होते.

"काय शोधून राहिल्या आई?"

मी सांगितलं. तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. फोन हातात घेऊन सगळं वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही तुमची मैत्रीण नाही."

"तुले काय माहीत? तू तिले पाहिलं हाये का कधी?"

"नाही. पण आता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून राहिली."

मी तिचा हात धरला. मला पैशाची भीती नव्हती, हे लिहिताना आजही हसू येतं. मला दुसरीच भीती होती. "अवं, अन् खरंच तीच असली तर? पोट्टं दवाखान्यात असलं अन् आपण पैसे अडकवले तर?"

सून म्हणाली, "तीच असली तर पुन्हा पाठवू, मी माझ्या पगारातून देईन. चोर असला तर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळून राहिला. जितक्या लवकर कळवू, तितका अडवता येईल. सोडा हात."

मी सोडला.

फोनवरच्या बाईनं विचारलं ते सगळं सून माझ्या मोबाईलमधूनच वाचून सांगत होती. कोणत्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, कोणाच्या यूपीआय आयडीवर, आणि त्या व्यवहाराचा लांबलचक नंबर. तक्रारीचा नंबर मेसेजनं आला. तो तिनं जपून ठेवला. लगेच बँकेच्या नंबरवरही कळवलं आणि तिथलाही तक्रार क्रमांक लिहून घेतला.

ती बँकेशी बोलत होती, तेवढ्यात मी चुपचाप गप्पांचं पान उघडलं. हिरव्या ओढणीबद्दल लिहिलेलं लपवावं, असं मनात आलं. पोलिसांसमोर हे वाचलं जाणार! एका ओळीवर बोट दाबून धरलं. 'सर्वांसाठी काढून टाका' असं दिसलंही.

"आई!"

सुनेला पाठीलाही डोळे आहेत, ही गोष्ट मला तिच्या लग्नापासून ठाऊक आहे.

"तोच तर पुरावा हाये! काहीच मिटवायचं नाही, तुमचंई नाही अन् त्याचंई नाही. तो त्याचे मेसेज काढून टाकायच्या आधी फोटो काढून घेऊ."

मग तिनं सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट घेतले, तारीख आणि वेळ दिसेल असे. पैसे गेल्याचा मेसेज, तो कोड, आणि तो ज्या फोटोवाल्या खात्यावरून लिहीत होता त्याची लिंकसुद्धा. नुसतं नाव पुरत नाही, नाव तर चोर बदलतो, असं ती म्हणाली. हे झाल्यावरच तिनं त्याला ब्लॉक केलं. बँकेचं स्टेटमेंट काढून सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार पूर्ण भरली आणि दुसऱ्या दिवशी मला ठाण्यात नेलं.

ठाण्यातल्या साहेबांनी सगळे कागद क्रमानं लावले. माझ्या गप्पा वाचताना त्यांच्या मिशा हलत होत्या.

"आजी, बोरं खूप खाल्ली हो तुम्ही."

"तुम्ही फक्त पैशाचं वाचा न बाप्पा!"

ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, काही रक्कम पुढच्या खात्यात गेली होती, पण बाकीची पहिल्या खात्यातच थांबवली गेली आहे. परत मिळायला रीतसर कारवाई लागेल, घाई करू नका, आणि काम होईपर्यंत मोबाईल रिसेट करू नका, गप्पा काढू नका.

चोराच्या फोटोवाल्या खात्याची लिंक उघडून त्यांनी तेच नाव शोधलं आणि थांबले. त्याच फोटोचं आणखी एक खातं दिसत होतं, बरंच जुनं. "हे खरं असावं आजी. याच्यावरून फोटो चोरला. यांनाही कळवा, म्हणजे त्या नकली खात्याची तक्रार करतील."

मी मोबाईल त्यांच्या हातून ओढूनच घेतला. जुन्या खात्यात एक फोटो होता. ती कुठल्याशा पायऱ्यांवर बसलेली, चप्पल हातात घेऊन खो खो हसत. फोटोला आवाज नव्हता, तरी तिचं हसू मला ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मी लिहिलं, "जयभीम. तुझा फोटो चोरून कुणीतरी लोकांना लुटत आहे, सावध राहा." एवढंच लिहायचं होतं. पण मग बोटं थांबेनात. "मी रामाकोन्याची. पांढुर्ण्यात असते. तू कशी आहेस?"

उत्तर अजून आलेलं नाही. तिनं खातं बघणं सोडलं असेल, नाही तर आणखी काही असेल. त्या दुसऱ्या शक्यतेकडे मी बघत नाही. फोनचा आवाज मात्र पूर्ण वाढवून ठेवला आहे.

सून म्हणते, "आई, किराणावाल्याचा मेसेज आला तरी आता आख्ख्या गल्लीले कळते."

कळू दे म्हटलं. ती नाक मुरडते, आणि आवाज कमी न करता फोन चार्जिंगला लावते.